कालचा खर्च अजून यायचा आहे

पुण्यातल्या एका मध्यम आकाराच्या कंपनीचं उदाहरण घेऊ. तिचं सगळं काम गूगल क्लाउडवर चालतं आणि बिल रुपयांत येतं. गुरुवारी, १२ जून २०२५ ला सकाळी १० वाजता बैठकीत डॅशबोर्ड उघडला, तेव्हा ११ जूनचा खर्च ३८,४०० रुपये दिसला. दुपारी ४ वाजता कुणीतरी तेच पान पुन्हा उघडलं, तर ४९,२००. शुक्रवार संपेपर्यंत तो ६०,७०० झाला, आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात बिलाशी ताळा घालायला बसल्यावर ६०,६०० निघाला. आकडे नमुन्याचे आहेत, पण त्यांची चाल खरी आहे. क्लाउडचं बिल रोज पाहणाऱ्या कोणालाही ती ओळखीची वाटेल.

अशा वेळी ऑफिसात दोन गट पडतात. एक म्हणतो डॅशबोर्ड गंडलाय, दुसरा म्हणतो रिफ्रेश अडकला असेल. दोघंही चूक नीट करण्याच्या मागे लागतात आणि बहुतेकदा चूक झालेलीच नसते. या पडद्यावरच्या प्रत्येक रकमेला दोन वेळा चिकटलेल्या असतात: खर्च कधी झाला ही एक, आणि तो आपल्याला कधी कळला ही दुसरी. हिशेबनिसाला हे नवं नाही. व्हाउचरवरची तारीख आणि ते कीर्दीत चढवल्याची तारीख वेगळी असू शकते हे त्याला पहिल्या महिन्यातच कळतं. डॅशबोर्ड मात्र पहिली तारीख आडव्या अक्षावर ठळक छापतो आणि दुसरी गाळून टाकतो. बहुतेक गोंधळ या गाळण्यातून होतो, असं माझं मत आहे.

पण उशिरा येणाऱ्या नोंदींकडे वळण्याआधी एक साधी गोष्ट पाहू. सकाळी १० वाजता ‘काल’ संपलेला तरी होता का?

नव्हता. गूगल क्लाउडचे बिलिंग अहवाल अमेरिकेच्या पॅसिफिक वेळेने दिवस मोजतात. जूनमध्ये तिथे उन्हाळी वेळ असते आणि आपण तिच्या साडेबारा तास पुढे असतो. म्हणजे पुण्यात १२ जूनचे सकाळचे १० वाजले, तेव्हा बिलिंगच्या घड्याळात ११ जूनचे रात्रीचे साडेनऊ वाजले होते. तो दिवस आपल्याकडे दुपारी साडेबाराला संपतो आणि हिवाळ्यात दीड वाजता. बैठकीत ज्याला ‘कालचा खर्च’ म्हटलं गेलं, त्या दिवसाचे अडीच तास अजून घडायचेच होते. एडब्ल्यूएस आणि अझूर यूटीसी पाळतात, त्यामुळे त्यांचा दिवस आपल्याकडे पहाटे साडेपाचला बदलतो. एखाद्या कंपनीचं काम दोन क्लाउडवर असेल आणि दोन्हींचे आकडे एकाच आलेखात रचून दाखवले असतील, तर त्या आलेखातला ११ जून हा एक दिवस नसतो. तो सात तासांनी सरकलेल्या दोन दिवसांचा जोड असतो. त्यात कुणी हौसेने भारतीय वेळेची तिसरी तारीख आणली, तर एकाच नावाचे तीन दिवस तयार होतात आणि तिघांच्या बेरजा तीन. डॅशबोर्ड बनवणाऱ्याने कोणता दिवस निवडला हे पानावर लिहिलेलं असावं. मी पाहिलेल्या बहुतेक पानांवर ते नसतं.

आता दिवस संपला असं धरू. तरीही नोंदी यायच्या असतातच. वापर झाला की त्या क्षणी बिलिंगकडे पावती जाते, असं काही होत नाही. प्रत्येक सेवा आपला वापर स्वतः मोजते, काही काळ आपल्याकडे साठवते, त्याची गोळाबेरीज करते आणि आपल्या सवडीने बिलिंग यंत्रणेकडे पाठवते. आभासी यंत्रांचा वापर तासांच्या हिशेबात बऱ्यापैकी लवकर येतो. साठवणुकीचा खर्च म्हणजे किती माल किती वेळ पडून होता याचा गुणाकार, त्यामुळे त्याला थोडा काळ जाऊ द्यावाच लागतो. नेटवर्कवरून बाहेर गेलेला डेटा अनेक ठिकाणी मोजून एकत्र करावा लागतो. बाजारपेठेतून घेतलेलं तिसऱ्याच कंपनीचं सॉफ्टवेअर असेल, तर ती कंपनी आपला वापर मोजून क्लाउडवाल्याला कळवणार आणि मग तो बिलात येणार. तिची मोजणी रात्रभर बंद पडली, तर तुमच्या कालच्या आकड्यात एक भोक राहतं आणि ते उद्या गुपचूप भरलं जातं.

क्लाउड कंपन्या हे लपवत नाहीत. गूगलचं दस्तऐवजीकरण सांगतं की सेवा वेगवेगळ्या अंतराने खर्च कळवतात, तो साधारण दिवसभरात दिसतो, पण कधी २४ तासांहून जास्तही लागतात. एडब्ल्यूएसचं कॉस्ट एक्सप्लोरर दर २४ तासांत निदान एकदा ताजं होतं, पण मागून येणारा डेटाच उशिरा आला तर तेही उशिरा. चालू महिन्याचे आकडे हे अंदाज आहेत असं अझूर बजावतं, आणि महिना संपल्यावरही ७२ तासांपर्यंत ते हलू शकतात असं सांगतं. तिघांचे शब्द वेगळे असले तरी म्हणणं एकच आहे: महिना बंद होईपर्यंत काहीही पक्कं नाही. हे वाक्य सर्वसाधारण नियम म्हणून कोणी वाचत नाही. बैठकीत मोठ्या अक्षरात ‘काल: ₹३८,४००’ झळकतं, तेव्हा दस्तऐवजीकरणातला इशारा त्या पडद्यापासून कोसभर लांब असतो.

गूगलची एक गोष्ट मात्र अभ्यासाला फार सोयीची आहे. बिलिंगचा तपशील बिगक्वेरीत उतरवून घेतला, की त्या टेबलात नोंदी जमत जातात, आणि प्रत्येक नोंदीवर वापराची वेळ `usage_start_time` असते, तशीच ती टेबलात आल्याची वेळ `export_time` ही असते. कीर्दीतल्या त्या दोन्ही तारखा इथे शेजारी शेजारी मिळतात. त्यामुळे ११ जूनचा खर्च कोणकोणत्या दिवशी कळत गेला, हे थेट विचारता येतं:

```sql
SELECT
  DATE(export_time, 'Asia/Kolkata') AS aale,
  ROUND(SUM(cost) + SUM(IFNULL(
    (SELECT SUM(c.amount) FROM UNNEST(credits) c), 0))) AS rakkam
FROM `project.dataset.gcp_billing_export_v1_XXXXXX_XXXXXX_XXXXXX`
WHERE DATE(usage_start_time, 'America/Los_Angeles') = '2025-06-11'
GROUP BY aale
ORDER BY aale
```

आपल्या नमुन्यातल्या कंपनीत याचं उत्तर असं येतं. ११ जूनलाच, आपल्या वेळेनुसार, ९,१०० रुपयांच्या नोंदी आल्या. १२ जूनला ४४,७०० च्या, १३ ला ६,९०० च्या, १४ ला ८०० च्या. मग एक दिवस शांतता, आणि १६ ला आणखी ३५०. शेवटी ४ जुलैला उणे १,२५०, म्हणजे एका सेवेच्या चुकीच्या आकारणीची दुरुस्ती. सगळ्यांची बेरीज ६०,६००.

या एका उत्तराने बैठकीतला वाद मिटतो. सकाळी १० वाजता दिसलेले ३८,४०० म्हणजे आदल्या दिवशीचे ९,१०० आणि त्या सकाळपर्यंत आलेले २९,३०० होते. अंतिम रकमेच्या जेमतेम ६३ टक्के. त्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत ५३,८०० जमले होते, म्हणजे ८९ टक्के. तिसऱ्या दिवसानंतर हालचाल एक-दोन टक्क्यांवर आली. असाच प्रश्न मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या प्रत्येक दिवसाला विचारला, तर त्या कंपनीची ‘दिवस पिकण्याची’ सरासरी चाल हाती येते: इतक्या तासांनी इतके टक्के. मला हा एक तक्ता डॅशबोर्डवरच्या बाकी सगळ्या आलेखांपेक्षा जास्त उपयोगी वाटतो. दुर्दैवाने तयार डॅशबोर्डमध्ये तो सहसा आयता मिळत नाही.

एडब्ल्यूएसमध्ये गोष्ट वेगळी आणि जरा जास्त निसरडी आहे. तिथला सविस्तर ‘कॉस्ट अँड यूसेज रिपोर्ट’ दिवसातून तीन वेळांपर्यंत नव्याने तयार होतो, आणि प्रत्येक वेळी महिन्याचा पूर्ण हिशेब पुन्हा लिहिला जातो. जुनी आवृत्ती पुसायची की बाजूला ठेवायची हे आपण ठरवायचं असतं. नोंदींवर `identity/LineItemId` असतो खरा, पण तो त्या एका आवृत्तीपुरताच. सकाळच्या आवृत्तीतली नोंद संध्याकाळच्या आवृत्तीत त्याच क्रमांकाने शोधता येत नाही. त्यामुळे ‘नेमकी कोणती ओळ वाढली’ हा साधा प्रश्नही सरळ विचारता येत नाही. बेरजांची तुलना करावी लागते: सेवेनुसार, खात्यानुसार, तासानुसार. एक खूण मात्र तिथे चांगली आहे. `bill/InvoiceId` हा रकाना बिल पक्कं होईपर्यंत रिकामा असतो. तसंच कॉस्ट एक्सप्लोररला प्रोग्रामद्वारे विचारणा केली, तर उत्तरात प्रत्येक कालखंडासोबत `"Estimated": true` किंवा `false` येतं. ही खूण यंत्राकडून आपल्यापर्यंत पोहोचते आणि आपला डॅशबोर्ड ती फेकून देतो.

इथवर आपण असं गृहीत धरलं की उशिरा आलेली नोंद फक्त स्वतःची रक्कम वाढवते. खरी गंमत पुढे आहे: ती दुसऱ्याची रक्कमही बदलू शकते.

एडब्ल्यूएसच्या सेव्हिंग्ज प्लॅनचं पाहू. तासाला अमुक डॉलरचा वापर करूच, असं वचन कंपनी एक किंवा तीन वर्षांसाठी देते आणि बदल्यात सवलतीचा दर मिळवते. हे वचन एका मुख्य खात्यात घेतलेलं असतं आणि कंपनीतल्या इतर खात्यांना वाटून लागू होतं. वाटपाचा हिशेब तासागणिक होतो, आणि ज्या वापरावर सवलतीची टक्केवारी सगळ्यात जास्त, तिथे तो आधी लागतो. समजा वचन तासाला १० डॉलरचं आहे. मुख्य खात्यात स्वतःचा काही वापर नाही. दुपारच्या एका तासात पहिल्या विभागाच्या खात्याने सवलतीच्या दराने ७ डॉलरचा वापर केला. दुसऱ्या विभागाचा ६ डॉलरचा वापर त्याच तासात झाला, पण त्याच्या नोंदी यायला उशीर झाला.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हिशेब असा: पहिल्या विभागाचे ७ डॉलर वचनात बसले, ३ डॉलर वाया गेले, एकूण खर्च १०. मग दुसऱ्या विभागाच्या नोंदी आल्या. त्यांच्या यंत्रांवर सवलतीची टक्केवारी जास्त असल्याने वचनातले ६ डॉलर आधी तिकडे गेले. पहिल्या विभागाला उरले ४. त्यांच्या राहिलेल्या ३ डॉलरच्या वापराला आता सवलत नाही. तोच वापर मूळ दराने, समजा, ४.२० डॉलरला पडला. पहिल्या विभागाचा खर्च ७ वरून ८.२० झाला. दुसऱ्याचा ६. एकूण १४.२०.

पहिल्या विभागात कुणीही काहीही केलेलं नाही. त्यांची एकही नोंद उशिरा आलेली नाही. तरीही त्यांचा कालचा आकडा सतरा टक्क्यांनी वाढला. विभागप्रमुख हा प्रश्न घेऊन वित्त विभागात येतो, तेव्हा ‘उशिरा आलेल्या नोंदी’ हे उत्तर त्याला पटत नाही, आणि त्याचंही बरोबर असतं, कारण त्याच्या खात्यात तशी नोंदच सापडत नाही. टप्प्याटप्प्याच्या दरांतही असंच घडतं. महिन्याचा एकूण वापर ठराविक मर्यादेपलीकडे गेला की पुढच्या वापराचा दर उतरतो, आणि ती मर्यादा साऱ्या खात्यांची मिळून मोजली जाते. एका खात्याच्या मागून आलेल्या वापरामुळे दुसऱ्याचा दर सरकतो. अशा बदलांना पुनर्आकारणी म्हणावं आणि उशिराच्या नोंदींपासून वेगळं दाखवावं. नुसत्या ‘पिकण्याच्या’ तक्त्यात हे बसत नाही.

आता दुसरं कारण: रिफ्रेश. क्लाउड कंपनीकडून डेटा निघाल्यापासून आपल्या डोळ्यांपर्यंत यायला चार-पाच पायऱ्या असतात आणि प्रत्येक पायरीला आपलं घड्याळ असतं. कंपनीने तपशील उतरवला, आपल्या रात्रीच्या जॉबने तो स्वतःच्या कोठारात ओढला, तिथून पॉवर बीआयच्या मॉडेलमध्ये आयात झाला, आणि मग ब्राउझरने आधी आणून ठेवलेलं चित्र दाखवलं. पॉवर बीआयमध्ये आयात केलेल्या मॉडेलचा ठरावीक वेळी होणारा रिफ्रेश प्रो परवान्यावर दिवसाला आठ वेळा करता येतो. लुकर स्टुडिओत बिगक्वेरीच्या डेटासाठी ताजेपणाची मूळ मुदत १२ तासांची असते. म्हणजे पान उघडून बसलेल्या माणसाला वाटतं आपण ‘आत्ता’ पाहतोय, आणि समोर पहाटेचं चित्र असतं. रात्री २ चा जॉब आणि सकाळी ६ चा रिफ्रेश असेल, तर बैठकीतला १० वाजताचा आकडा आठ तास जुना आहे. त्यात ६ चा रिफ्रेश सुरू असताना २ चा जॉब अजून संपलेला नसेल, तर अर्धवट भरलेलं टेबल मॉडेलमध्ये जातं आणि आकडा चक्क कमी होतो.

ही झाली निरुपद्रवी बाजू. शिळा डेटा उद्या ताजा होतो. खरा उपद्रव वाढीव रिफ्रेशमध्ये आहे, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. दर वेळी वर्षभराचा डेटा ओढणं महाग पडतं, म्हणून जॉबला सांगितलेलं असतं: शेवटच्या वेळी जिथपर्यंत आलास, त्यापुढचं तेवढं आण. ‘जिथपर्यंत’ हे कशावर मोजायचं, इथे गफलत होते. जॉब लिहिणाऱ्याने सहज `usage_start_time` घेतला, तर काल रात्री ११ पर्यंतच्या वापराच्या नोंदी आल्यावर खुणेची रेघ ११ वर जाते. मग आज सकाळी काल दुपारी ३ च्या वापराची नोंद आली, तर ती रेघेच्या मागे पडते आणि कधीच ओढली जात नाही. डॅशबोर्ड स्थिर दिसतो. कालचा आकडा हलत नाही म्हणून सगळे खूश असतात. महिन्याच्या शेवटी बिल पाच-सात टक्के जास्त येतं आणि कोणालाच कारण सापडत नाही. न हलणाऱ्या आकड्यावर मी हलणाऱ्या आकड्यापेक्षा जास्त संशय घेतो, तो यामुळेच.

गूगलच्या टेबलात यावर उपाय सरळ आहे: रेघ `export_time` वर ओढायची. ती वेळ पुढेच जाते, त्यामुळे उशिरा आलेली नोंदही रेघेच्या पुढेच पडते. पॉवर बीआयमधल्या वाढीव रिफ्रेशमध्ये ‘शेवटचे इतके दिवस पुन्हा आणा’ असं धोरण लावलं असेल आणि ते वापराच्या तारखेवर असेल, तर खिडकी किती रुंद ठेवायची हे आपल्या पिकण्याच्या तक्त्यावरून ठरवावं. आपल्या नमुन्यात तीन दिवसांची खिडकी ठेवली असती, तर १६ जूनचे ३५० निसटले असते आणि ४ जुलैची दुरुस्ती तर निसटलीच असती. चालू महिना आणि मागचा महिना पुन्हा पुन्हा संपूर्ण आणणं खर्चाचं वाटतं, पण बहुतेक कंपन्यांच्या डेटाचा आकार पाहता तेच शहाणपणाचं आहे. एडब्ल्यूएसच्या अहवालासाठी तर दुसरा मार्गच नाही. तिथे प्रत्येक नवी आवृत्ती महिन्याचा संपूर्ण हिशेब असते, त्यामुळे महिन्याचा जुना भाग काढून त्या जागी नवा ठेवायचा. कुणी तो जुन्याला जोडला, तर खर्च दुप्पट दिसतो.

मग ‘उशिरा आलेलं’ आणि ‘चुकलेलं’ हे वेगळं कसं ओळखायचं? काही खुणा बऱ्यापैकी भरवशाच्या आहेत. उशिराच्या नोंदी ताज्या दिवसांनाच वाढवतात आणि दिवस जुना होईल तशी वाढ ओसरत जाते. तीन आठवड्यांपूर्वीचा एखादा दिवस अचानक वाढला, तर ते पिकणं नव्हे. एकतर दुरुस्ती आहे नाहीतर कुणी जुना भाग पुन्हा भरलाय. वाढ अगदी दुप्पट किंवा सगळ्या सेवांत सारख्याच प्रमाणात असेल, तर नोंदी दोनदा चढल्या आहेत, कारण उशीर हा सेवेसेवेनुसार वेगळा असतो, तो सगळ्यांना एकाच मापाने होत नाही. ताजा दिवस घटला तर सवलतींच्या नोंदी मागून आल्या असतील किंवा भरणं अर्धवट राहिलं असेल. हे ठरवायला रक्कम पाहू नये, ओळींची संख्या पाहावी. सवलत लागली तर ओळी टिकतात आणि रक्कम घटते. भरणं अर्धवट असेल तर ओळीच कमी होतात. बिगक्वेरीत तर गेल्या सात दिवसांपर्यंतचं टेबल जसं होतं तसं `FOR SYSTEM_TIME AS OF` वापरून पाहता येतं. सकाळी १० च्या स्थितीची आणि आत्ताच्या स्थितीची सेवेनुसार वजाबाकी केली, की वाद पाच मिनिटांत संपतो. मात्र हे त्याच आठवड्यात करायला हवं. आठव्या दिवशी तो पुरावा गेलेला असतो.

‘खर्च कधी झाला’ आणि ‘कधी कळला’ हा भेद बिलिंगवाल्यांनी शोधलेला नाही. २०१५ मध्ये गूगलच्या अभियंत्यांनी ‘डेटाफ्लो मॉडेल’ या नावाने मांडलेल्या शोधनिबंधात सततच्या डेटाप्रवाहासाठी हाच प्रश्न उभा केला होता: घटनेची वेळ एक, प्रक्रियेची वेळ दुसरी, आणि ‘आता या वेळेपर्यंतचं सगळं आलं’ असं कधी म्हणायचं. त्यांचं उत्तर प्रामाणिक होतं. पूर्ण खात्री कधीच मिळत नाही. पूर्णता, विलंब आणि खर्च यांतून काय किती सोडायचं ते ठरवावं लागतं. डेटाबेसच्या जगात २०११ च्या एसक्यूएल मानकाने याच दोन वेळांना टेबलात जागा दिली. बिलिंगच्या पडद्यांपर्यंत ही समज पोहोचायला वेळ लागतो आहे. क्लाउड खर्चाच्या नोंदींसाठी फिनऑप्स फाउंडेशनने केलेल्या ‘फोकस’ या सामाईक आराखड्याची पहिली पक्की आवृत्ती २०२४ मध्ये आली. तिच्यात वापराचा कालखंड आणि बिलाचा कालखंड वेगवेगळे रकाने आहेत, आणि आधीच्या बंद झालेल्या बिलाची दुरुस्ती असेल तर `ChargeClass` मध्ये `Correction` लिहिलं जातं. या एका शब्दाने निदान जुन्या बिलाची दुरुस्ती बाकी गर्दीतून वेगळी काढता येते.

डॅशबोर्डवर काय करावं, याबद्दल पुष्कळ सल्ले आहेत. ‘शेवटचा रिफ्रेश अमुक वाजता’ ही ओळ बहुतेकजण आधी घालतात. मला ती अपुरी वाटते. रिफ्रेश पाच मिनिटांपूर्वी झाला असला तरी आत आलेला डेटा दहा तास जुना असू शकतो. तिथे दोन वेळा हव्यात: पान कधी ताजं झालं, आणि त्यात आलेली सर्वांत नवी `export_time` कोणती. ताज्या तीन दिवसांचे खांब फिकट रंगात दाखवणंही चांगलं, पण फिका रंग ‘किती बाकी आहे’ ते सांगत नाही. पिकण्याच्या तक्त्यावरून ‘साधारण ६३ टक्के आलंय’ असं लिहिणारे थोडे आहेत. हा टक्का वापरून अंतिम आकडा भाकित करण्याचा मोह टाळलेला बरा. ३८,४०० ला ०.६३ ने भागलं की ६०,९५२ येतात, नमुन्यात ते खऱ्याच्या जवळ आहेत, पण त्या दिवशी एखादी हळू कळवणारी सेवा जास्त वापरली गेली असेल, तर हे भाकित सपशेल कोसळतं. सेवांचं मिश्रण बदललं की जुना तक्ता लागू राहत नाही.

याहून सोपी आणि टिकाऊ युक्ती आहे: एकाच वयाचे आकडे एकमेकांशेजारी ठेवणं. आजच्या १० वाजताचा ‘काल’ हा परवाच्या जास्त पिकलेल्या दिवसाशी ताडू नये. तो परवाच्या दिवसाच्या अशाच कोवळ्या, दुसऱ्या दिवशी सकाळी १० वाजता दिसलेल्या आकड्याशी ताडावा. मग दर सकाळी खर्च ‘घसरल्याचं’ जे खोटं सुख मिळतं, ते जातं. यासाठी रोज ठरलेल्या वेळी आकड्यांचा एक ठसा जपून ठेवावा लागतो. ‘कोणता दिवस, कधी पाहिला, किती दिसला’ एवढे तीनच रकाने पुरतात. गूगलच्या टेबलातून तो नंतरही काढता येतो. एडब्ल्यूएसमध्ये रोज साठवला नाही तर गेला.

खर्चाच्या इशाऱ्यांचंही तसंच आहे. एडब्ल्यूएस बजेट्सची माहिती दिवसातून तीन वेळांपर्यंत, साधारण ८ ते १२ तासांच्या अंतराने ताजी होते. कुणी चुकून शंभर यंत्रं चालू ठेवली, तर बिलाच्या आकड्यावर लावलेला इशारा अर्ध्या दिवसाने वाजेल, आणि तोवर खर्च होऊन गेलेला असेल. असा अपघात धरायचा तर यंत्रांची संख्या, बाहेर जाणारा डेटा, चालू जॉब अशा वापराच्या मोजमापांवर नजर हवी. बिलावरचा इशारा हळू वाढणाऱ्या खर्चासाठी ठेवावा, आणि तोही तीन दिवस पिकलेल्या तारखेवर. कोवळ्या दिवसावर लावलेला इशारा खर्च कमी दिसल्याने रोज गप्प राहतो, आणि नोंदींचा एखादा साचलेला लोंढा आला की विनाकारण वाजतो.

महिनाअखेरीला हे सगळं एका जागी येऊन आदळतं. ३० जूनच्या वापराची नोंद उशिरा आली, तर गूगलमध्ये ती जुलैच्या बिलात जाऊ शकते: तिची `usage_start_time` जूनची आणि `invoice.month` मात्र `202507`. त्यामुळे वापराच्या तारखेने केलेली जूनची बेरीज आणि जूनचं बिल हे बऱ्याचदा जुळत नाहीत, आणि जुळवायचा प्रयत्नही करू नये. हिशेबनिसाने `invoice.month` वर बेरीज करावी, अभियंत्याने वापराच्या वेळेवर, आणि दोघांनी एकमेकांचे आकडे चूक ठरवू नयेत.

विभागांना खर्च वाटून देणाऱ्या कंपन्यांत तर ठरवावंच लागतं की आकडा कोणत्या दिवशी गोठवायचा. ५ तारखेला गोठवला, तर मागून आलेल्या नोंदी आणि सेव्हिंग्ज प्लॅनची पुनर्आकारणी कुठे टाकायची हा प्रश्न उरतो. मागचा महिना उघडून बदलायचा, की पुढच्या महिन्यात ‘मागील दुरुस्ती’ अशी वेगळी ओळ घालायची? क्लाउड कंपन्या बहुतांशी दुसरा मार्ग घेतात, आणि अंतर्गत हिशेबालाही तोच बरा. बंद केलेला महिना पुन्हा उघडला की विभागप्रमुख आधीच्या प्रती काढून बसतात. वेगळ्या ओळीवर निदान मूळ वापराची तारीख लिहिता येते, आणि ज्याला पाहायचं आहे त्याला ती कोणत्या दिवसाची आहे हे दिसतं.